पिठाच्या पोस्टरवरची मुलगी आणि आमची ‘सुनीता पाटील, नाशिक’

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके काढलेत, तरी काही राहिले असतील. सांभाळून घ्या.

आजच्या विषयाची सुरुवात माझ्या मावशीच्या एका व्हॉट्सॲप मेसेजने झाली. मावशी सांगलीला असते. तिने तीन जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवले. एक गुडघेदुखीच्या तेलाची, एक कर्ज देणाऱ्या ॲपची आणि एक कुठल्याशा ऑनलाइन क्लासची. तिन्हीत एकच बाई होती. पन्नाशीची, हसरी, मोतिया रंगाची साडी. आणि तिन्हीकडे नाव वेगळं. खाली मावशीने लिहिलं होतं, “बघ रे, एकच बाई सगळीकडे खोटं बोलत फिरतेय. हिला पकडून पोलिसात द्यायला पाहिजे. ग्रुपवर टाकतेय, सगळ्यांना कळू दे.”

मी फोन करून म्हटलं, “मावशी, थांब, टाकू नकोस.” कारण त्या बाईला मी ओळखत होतो. म्हणजे ओळखत नव्हतो, हाच तर आजचा मुद्दा आहे. पण तिला चौथं नाव मी स्वतः दिलं होतं.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे कंपनीच्या वेबसाइटचं काम होतं. ‘ग्राहक काय म्हणतात’ असा एक भाग होता आणि लाँच दोन दिवसांवर आलं होतं. अभिप्रायाचा मजकूर मार्केटिंगकडून आला, फोटो आलाच नाही. एका स्टॉक फोटो साइटचं सबस्क्रिप्शन होतं. तिथे शोधलं, एक चेहरा आवडला, उतरवून घेतला आणि ही ओळ लिहिली:

```html
<img src="happy_customer_2.jpg" alt="सुनीता पाटील, नाशिक">
```

सुनीता पाटील नावाची ग्राहक होती की नाही, हे मी विचारलं नाही. फोटो तिचा नव्हता, हे मात्र मला पक्कं माहीत होतं. लायसन्स आहे, पैसे भरलेत, म्हणजे सगळं नियमात आहे, असं मला वाटलं होतं. मावशीच्या मेसेजनंतर मी या ‘नियमात आहे’चा इतिहास शोधायला लागलो, आणि थेट १९०० सालच्या अमेरिकेतल्या पिठाच्या एका पोस्टरपाशी पोहोचलो.

पंचवीस हजार पोस्टर्स

न्यूयॉर्क राज्यात फ्रँकलिन मिल्स नावाची पिठाची गिरणी होती. गिरणी म्हणजे आपली कोपऱ्यावरची नव्हे, पीठ पॅक करून विकणारी मोठी कंपनी. त्यांच्या जाहिरातीची पोस्टर्स रोचेस्टर फोल्डिंग बॉक्स कंपनीच्या हातून तयार झाली. पोस्टरवर एका तरुण मुलीचा देखणा फोटो होता आणि वर घोषवाक्य होतं, ‘फ्लार ऑफ द फॅमिली’. इंग्रजीत पीठ आणि फूल या दोन शब्दांचा उच्चार एकच, त्यावर केलेला हा विनोद. घरातलं फूल म्हणजे ती मुलगी, आणि घरातलं पीठ म्हणजे आमचं. अशी जवळजवळ २५,००० पोस्टर्स छापली गेली आणि दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत लागली.

मुलीचं नाव ॲबिगेल रॉबर्सन. तिला कोणी विचारलं नव्हतं. ओळखीचे लोक येऊन सांगायला लागले की तुझं चित्र अमुक दुकानात लावलंय. तिला इतका मनस्ताप झाला की तिने अंथरूण धरलं, असं खटल्याच्या कागदपत्रांत आहे. तिने १५,००० डॉलर भरपाई मागितली आणि पोस्टर्स थांबवायची मागणी केली.

खालच्या दोन्ही पायऱ्यांवर निकाल तिच्या बाजूने लागला. पण १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात, तिकडे त्याला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात, चार विरुद्ध तीन मतांनी ती हरली. मुख्य न्यायाधीश होते ॲल्टन पार्कर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की चेहऱ्यावर असा हक्क सांगणारा कायदाच अस्तित्वात नाही. आम्ही तो नव्याने काढला तर खटल्यांचा पूर येईल. विधिमंडळाला हवा असेल तर त्यांनी करावा.

निकालावर वर्तमानपत्रांनी इतकी झोड उठवली की विधिमंडळाने खरंच कायदा केला. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सिव्हिल राइट्स कायद्यात एक तरतूद आली: जिवंत माणसाचं नाव किंवा चित्र जाहिरातीसाठी वा धंद्यासाठी वापरायचं असेल तर त्याची लेखी संमती हवी. आज ती कलम ५० आणि ५१ म्हणून ओळखली जाते आणि आजही लागू आहे.

या गोष्टीला एक मस्त शेपूट आहे. १९०४ मध्ये हेच पार्कर साहेब राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. फोटोग्राफर सारखे मागे लागतात, न विचारता फोटो काढतात, अशी तक्रार त्यांनी केली. त्यावर ॲबिगेलने त्यांना वर्तमानपत्रातून खुलं पत्र लिहिलं. असा काही हक्क माणसाला नसतो हे आपणच मला शिकवलंत, याची तिने त्यात आठवण करून दिली.

कायद्याने काय दिलं, काय नाही

आता इथे थोडं थांबू, कारण पुढचं सगळं या एका शब्दावर उभं आहे: ‘लेखी संमती’.

कायद्याने काय सांगितलं? ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा. जाहिरातीतला माणूस ते पीठ खरंच खातो का, हे तपासा, असं कुठेही सांगितलं नाही. म्हणजे संरक्षण मिळालं ते चेहऱ्याच्या मालकाला. चेहरा बघून पीठ विकत घेणाऱ्याला या कलमातून काहीच मिळालं नाही.

हा फरक दुसऱ्या एका खटल्यात फार स्पष्ट दिसतो. अटलांटामध्ये पाओलो पावेसिक नावाचा एक चित्रकार होता. त्याचा फोटो एका विमा कंपनीने वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत वापरला. एका बाजूला पावेसिक, नीटनेटका आणि तब्येतीने ठणठणीत. दुसऱ्या बाजूला एक आजारी, फाटक्या कपड्यांतला माणूस. पावेसिकच्या तोंडी असं घातलं होतं की मी वेळेवर विमा काढला म्हणून माझं घर आज सुरक्षित आहे. प्रत्यक्षात त्याने त्या कंपनीची पॉलिसी कधी घेतलीच नव्हती. १९०५ मध्ये जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वेगळा लेखी कायदा नसला तरी खासगीपणाचा हक्क माणसाला आहे, आणि त्याच्या तोंडी घातलेलं हे खोटं वाक्य त्याची बदनामी करू शकतं.

पावेसिकच्या जाहिरातीत दोन वेगळ्या चुका होत्या. चेहरा न विचारता घेतला ही एक, आणि त्याच्या तोंडी खोटं वाक्य घातलं ही दुसरी. पहिली चूक टाळायला धंद्याने एक सोपा उपाय काढला, तो म्हणजे एक कागद. दुसरी चूक त्या कागदाने टळत नाही.

मॉडेल रिलीज नावाचा कागद

या कागदाला म्हणतात ‘मॉडेल रिलीज’. फोटो काढून घेणारा माणूस त्यावर सही करतो. नाव, तारीख, सही, कुठे कुठे साक्षीदार. मजकूर साधारण असा असतो: माझे हे फोटो छायाचित्रकार आणि तो ज्यांना हक्क देईल ते सगळे, कोणत्याही माध्यमात, जाहिरातीसह, वापरू शकतात. मला मोबदला मिळाला आहे.

‘तो ज्यांना हक्क देईल ते सगळे’ हे शब्द परत वाचा. सही करताना ते सगळे कोण, हे कोणालाच माहीत नसतं. सही करणाऱ्याला नाही, फोटो काढणाऱ्यालाही नाही.

ही सोय झाल्यावर फोटो आधी काढून ठेवायचे आणि गिऱ्हाईक नंतर शोधायचं, हा धंदा शक्य झाला. म्हणूनच त्याला ‘स्टॉक’ म्हणतात, दुकानातल्या मालासारखा. फिलाडेल्फियात एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्सने १९२० मध्ये सुरू केलेली संस्था या धंद्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या संस्थांपैकी एक मानली जाते. तेव्हा फायलींच्या कपाटांत प्रिंट आणि निगेटिव्ह असायच्या. जाहिरात कंपनीने फोन करून ‘आनंदी कुटुंब, गाडी, सहल’ असं सांगायचं आणि एजन्सीने कपाटं धुंडाळायची.

त्या काळात फोटो भाड्याने दिल्यासारखा असे. किती मोठा छापणार, कोणत्या देशात, किती महिने, कोणत्या धंद्यासाठी, यावर किंमत ठरायची. याला ‘राइट्स मॅनेज्ड’ म्हणतात. एजन्सीकडे नोंद असायची, त्यामुळे जास्त पैसे देऊन तुम्ही म्हणू शकत होता की या वर्षी हा चेहरा माझ्या स्पर्धकाला देऊ नका.

१९९० च्या दशकात सीडी आल्या. सिॲटलच्या फोटोडिस्कसारख्या कंपन्यांनी एका सीडीवर शेकडो फोटो भरून ते ‘रॉयल्टी फ्री’ म्हणून विकले. रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरा आणि मग ठरलेल्या अटींत हवं तितक्या वेळा वापरा. पुढे २००० मध्ये आयस्टॉकफोटो आणि २००३ मध्ये शटरस्टॉक आले आणि हे सगळं इंटरनेटवर गेलं, अगदी थोडक्या पैशांत. या पद्धतीत कोणी फोटो कुठे लावला, हे साइटला कळतच नाही. तिच्याकडे फक्त उतरवून घेतल्याची नोंद असते. मग हा चेहरा दुसऱ्याला देऊ नका असं कोण कोणाला सांगणार?

दोन कॉम्प्युटर कंपन्या, एक विद्यार्थिनी

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००४ चं आहे. अमेरिकेत कॉलेजं सुरू होण्याच्या हंगामात कॉम्प्युटरची मोठी विक्री असते. त्या वर्षी डेल आणि गेटवे या दोन कट्टर स्पर्धक कंपन्यांच्या जाहिरातींत एकच मुलगी दिसली. फोटो एकाच शूटमधले होते, आणि ते शूट झालं होतं १९९६ मध्ये, पोर्टलंड शहरात. म्हणजे जाहिरातीतली ‘आजची विद्यार्थिनी’ आठ वर्षांपूर्वीची होती. एका तंत्रज्ञानविषयक साइटने तिला ‘एव्हरीव्हेअर गर्ल’ असं नाव दिलं आणि वाचक ती आणखी कुठे कुठे सापडते ते शोधायला लागले. ती जाहिरातींत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही सापडत गेली.

तिने डेल वापरला होता का? गेटवे? त्या जाहिरातींना या प्रश्नाशी काही देणंघेणं नव्हतं. दोन्ही कंपन्यांच्या डिझायनरांनी स्वतंत्रपणे एकाच गोदामात ‘विद्यार्थिनी’ असं शोधलं आणि दोघांना एकच माल आवडला, इतकंच.

इंजिनिअर म्हणून मला यातली यंत्रणा जास्त रंजक वाटते. स्टॉक फोटो मुद्दाम ‘कोणाचाही नसलेला’ काढतात. कपड्यांवर लोगो नाही, मागे ओळखू येईल अशी जागा नाही, बाजूला मजकुरासाठी रिकामी जागा. मग फोटोला शोधशब्द जोडतात. शटरस्टॉकवर एका फोटोला ५० पर्यंत जोडता येतात. त्यामुळे एकाच फोटोला ‘आई’, ‘शिक्षिका’, ‘ग्राहक’, ‘रुग्ण’, ‘उद्योजिका’ हे सगळं लागू शकतं. हे शब्द त्या बाईचं वर्णन करत नाहीत. तो फोटो कोणाकोणाच्या कामी येईल, याचा तो अंदाज असतो. आणि शोधाचे निकाल लोकप्रियतेनुसार लावले की जो फोटो जास्त उतरवला गेला तो वर येतो, वर आला म्हणून अजून उतरवला जातो. लाखो फोटो असूनही तेच चेहरे परत परत दिसतात, त्यामागे हे एक साधं कारण आहे. मीही तेव्हा पहिल्या पानाच्या पुढे गेलो नव्हतो.

कागदच नसेल तर

आतापर्यंत आपण धरून चाललो की सही असते. प्रत्येक वेळी नसते, आणि तेव्हा खरी इजा होते.

२०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या मानवी हक्क विभागाने एचआयव्हीबाधितांच्या हक्कांची जाहिरात वर्तमानपत्रांत दिली. त्यात एका तरुणीचा फोटो होता आणि शेजारी, मी पॉझिटिव्ह आहे आणि मला हक्क आहेत, अशा अर्थाचा मजकूर. ती तरुणी एचआयव्हीबाधित नव्हती. फोटो मुळात एका ऑनलाइन मासिकातल्या वेगळ्याच लेखासाठी काढला होता आणि छायाचित्रकाराकडून तो स्टॉक एजन्सीकडे गेला होता. जाहिरातीबद्दल तिला दुसऱ्यांकडून कळलं, आणि मग घरी, कामावर, सगळ्यांना खुलासे देत बसावं लागलं. एजन्सीवर तिने खटला भरला तो त्याच कलम ५० आणि ५१ खाली, म्हणजे पिठाच्या पोस्टरमधून जन्मलेल्या कायद्याखाली. तो तडजोडीने मिटला. राज्य सरकारविरुद्धच्या वेगळ्या दाव्यात २०१८ मध्ये न्यायालयाने तिला सव्वा लाख डॉलर भरपाई दिली.

अशा प्रसंगांसाठी एजन्सींच्या अटींत एक कलम असतं, जे कोणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. आजार, विशेषतः लैंगिक संबंधांतून होणारे, किंवा ज्याने माणसाची प्रतिमा खराब होईल असा विषय असेल तर जाहिरातीत स्पष्ट लिहावं लागतं की चित्र प्रातिनिधिक आहे आणि त्यातली व्यक्ती मॉडेल आहे. काही साइट्स असा वापर करूच देत नाहीत.

आणि हे सगळं तिकडचंच आहे असं समजू नका. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिलेची याचिका आली. तिचं म्हणणं असं की ओळखीच्या छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉकवर टाकला. तिथून तो महाराष्ट्रासह चार राज्य सरकारांच्या, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत व वेबसाइट्सवर पोहोचला. न्यायालयाने प्रकरण गंभीर असल्याचं म्हटलं आणि सगळ्यांकडून उत्तर मागवलं.

आता मावशीच्या नजरेने बघा. हीच महिला तिला वेगवेगळ्या राज्यांच्या योजनांत ‘लाभार्थी’ म्हणून दिसली असती, तर मावशी काय म्हणाली असती? “बघ, एकच बाई सगळीकडून पैसे खातेय.” आणि इथे तर त्या महिलेला आपला फोटो फिरतोय हेच माहीत नव्हतं.

मग ओळखायचं कसं?

मावशीला मी फोनवर जे सांगितलं तेच इथे सांगतो. फोटोवर बोट दाबून गुगल लेन्समध्ये टाक. तोच फोटो कुठल्या स्टॉक साइटवर विकायला दिसला, तर समजायचं की जाहिरातीतलं नाव आणि गाव या चेहऱ्याचं नाही. चेहरा उलटा केलेला किंवा फार कापलेला असेल तर शोध चुकतो. आणि काहीच सापडलं नाही म्हणजे माणूस खरा, असंही नाही.

महत्त्वाचं म्हणजे, स्टॉक साइटवर फोटो सापडला तर त्यावरून जाहिरात देणाऱ्याबद्दल काहीतरी कळतं. फोटोतल्या माणसाबद्दल काहीही कळत नाही. ती बाई तेल लावत नाही, कर्ज घेत नाही, आणि खोटंही बोलत नाही. ती एका दुपारी कॅमेऱ्यासमोर हसली आणि, केलीच असेल तर, एका कागदावर सही केली.

मावशी म्हणाली, “मग खोटं कोण बोललं?”

मी म्हटलं, “ज्याने खाली नाव लिहिलं तो.”

“म्हणजे कोण?”

मग मी तिला `happy_customer_2.jpg` ची गोष्ट सांगितली. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “तुला शोभत नाही हो हे.” बरोबर आहे तिचं. लायसन्समुळे मला फोटो लावायचा हक्क मिळाला होता. त्याखाली ‘सुनीता पाटील, नाशिक’ लिहायचा हक्क त्यात कुठेच नव्हता. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात की जाहिरातीतली शिफारस ही ती करणाऱ्याचं खरं मत असायला हवी.

ती कंपनी मी केव्हाच सोडली. मागच्या आठवड्यात तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याला मेसेज केला की तो फोटो काढता येईल का, निदान खाली ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ तरी लिहा. त्याने विचारलं, “कोणता फोटो?” मी लिंक पाठवली. सुनीताबाई अजून तिथेच होत्या, हसत. दोन दिवसांनी तिथे राखाडी गोल आला आणि त्यात ‘सु. पा.’ अशी अक्षरं. अभिप्राय खरा की खोटा, ते अजूनही मला माहीत नाही, आणि तोही प्रश्न मी आता त्याला विचारलाय. पण निदान तो एक चेहरा तरी त्यातून सुटला.

मावशीने मेसेज ग्रुपवर टाकला नाही. तुमच्याकडे असा एखादा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलायच्या आधी त्या पिठाच्या पोस्टरवरच्या मुलीला आठवा. भेटू पुढच्या भागात.